सकाळची साफसफाई स्टाफ येण्याआधी संपत नसेल तर काय तपासायचं

कर्मचारी नऊला येऊ लागतात आणि फरशी अजून ओलीच असते. महिनाभर सगळं वेळेवर चालतं, मग एखादा सोमवार घसरतो आणि हळूहळू रोजचाच उशीर होऊन बसतो. ऍडमिनचा पहिला विचार असतो, 'टीमला अर्धा तास आधी बोलवू.' तो उपाय या यादीत सर्वात शेवटी आहे, कारण तो सर्वात महाग आहे आणि बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही. वेळ हात चालवताना फारसा जात नाही. तो काम सुरू होण्याआधी आणि काम संपल्यावर फरशी वाळताना जातो.

आधी लक्षणं

यांतली दोन-तीन दिसत असतील तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- हजेरीवर सातची सही आहे, पण सव्वासातला ऑफिसात एकही मॉप ओला झालेला नाही.
- वॉशरूम चकचकीत असतात, पण मीटिंग रूममध्ये कालचे कप तसेच.
- लवकर येणाऱ्यांच्या बाजूच्याच रांगा शेवटी पुसल्या जातात आणि तक्रार रोज त्याच लोकांकडून येते.
- फरशी वाळल्यावर पांढरट रेघा उमटतात किंवा चप्पल चिकटल्यासारखी वाटते.
- एक माणूस गैरहजर असला की उशीर दहा मिनिटांचा न राहता पाऊण तासाचा होतो.
- पावसाळ्यात उशीर वाढतो, उन्हाळ्यात आपोआप कमी होतो.

शेवटचं लक्षण एकटंच असेल तर प्रश्न माणसांचा नाही, वाळण्याचा आहे. थेट वाळण्याच्या भागाकडे जा.

१. पहिला मॉप किती वाजता लागतो, ते लिहा (खर्च: एक वही)

सोमवार ते शुक्रवार रोज फक्त चार वेळा लिहायच्या: गेटवर आल्याची, ऑफिसचं दार उघडल्याची, पहिलं फडकं किंवा मॉप लागल्याची आणि शेवटचा मॉप उचलल्याची. सुपरवायझरने त्या त्या वेळी लिहायच्या, शेवटी आठवून नाही. आठवून लिहिलेल्या वेळा नेहमी गोल आकड्यांत येतात आणि त्यांचा उपयोग होत नाही.

ही तपासणी पहिली असण्याचं कारण साधं आहे. हजेरीचा मस्टर माणूस आला का ते सांगतो, काम कधी सुरू झालं ते सांगत नाही. चार जणांच्या टीममध्ये वीस मिनिटं वाया गेली की ऐंशी मिनिटांचं काम बुडतं. ही वही हातात नसताना माणसं वाढवली तर नव्या माणसाचीही तीच वीस मिनिटं बुडतात.

गेट ते दार यात वेळ जात असेल तर पुढची तपासणी. दार ते पहिला मॉप यात जात असेल तर तिसरी. पहिला आणि शेवटचा मॉप यांतच वेळ लागत असेल तर चौथी आणि पाचवी.

२. गेट, चावी, लिफ्ट, दिवे, पाणी

फोनवर आणि एका भेटीत हे सुटतं, म्हणून दुसऱ्या क्रमांकावर.

बिल्डिंगच्या सिक्युरिटीकडे टीमची नावं आणि फोटो असलेली यादी आहे का ते पाहा. रात्रपाळीचा गार्ड सातच्या सुमारास बदलतो. नेमकी तीच तुमच्या टीमची वेळ असेल तर रजिस्टर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाईपर्यंत सगळे गेटवर उभे. यावर टीमची वेळ दहा मिनिटांनी पुढेमागे करणं किंवा जुन्या गार्डनेच एंट्री करायची असं ठरवून घेणं, एवढंच पुरतं.

ऍक्सेस कार्डाला वेळेची मर्यादा घातलेली असते. आठच्या आधी चालणार नाही असं कार्ड टीमला दिलेलं असतं आणि कुणीतरी आतून दार उघडेपर्यंत थांबावं लागतं. ऑफिसच्या आयटीवाल्याकडून ती वेळ बदलून घ्या. चावी असेल तर ती एकाच सुपरवायझरच्या खिशात नको. तो लोकलमध्ये अडकला की सगळी टीम जिन्यात बसते. दुसरी चावी सीलबंद पाकिटात सिक्युरिटीकडे ठेवावी आणि सील तोडलं तर सहीसह नोंद व्हावी.

पाण्याचं मुंबईत वेगळंच असतं. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळी खालच्या टाकीत येतं आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवतात. वॉचमनने सकाळी पंप उशिरा लावला तर वरच्या मजल्यांवर नळाला धार नसते. सोमवारी हे जास्त जाणवतं, कारण रविवारी कुणी पंपाकडे पाहिलेलं नसतं. पंप किती वाजता लागतो ते विचारून ती वेळ टीमच्या आधीची करून घ्या. तोवर आदल्या संध्याकाळी दोन झाकणाच्या बादल्या भरून ठेवा, पहिल्या अर्ध्या तासाचं काम त्यावर निघतं.

३. आदल्या संध्याकाळी ट्रॉली तयार

दार उघडल्यापासून पहिला मॉप लागेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जात असतील तर ती कोठीत जात आहेत. कुणी गार्बेज बॅग शोधतं, कुणी कालचा ओला, वास मारणारा मॉप धुतं, कुणाचा हातमोजा एकच सापडतो.

हे काम संध्याकाळी थांबणाऱ्या हाउसकीपिंगच्या माणसाकडे द्या. मॉपची हेड धुऊन, पिळून, टांगून वाळवलेली. फडकी रंगाप्रमाणे वेगळी: लाल फक्त टॉयलेटला, पिवळं बेसिनला, हिरवं पॅन्ट्रीला, निळं टेबलांना. प्रत्येक डब्याच्या तळाशी दोन-तीन जादा बॅगा, म्हणजे सकाळी भरलेली बॅग काढली की नवी तिथेच मिळते, ट्रॉलीकडे फेरी नको. बाटल्यांवर नाव लिहिलेलं असावं. केमिकल पाण्यात कालवायचं मात्र सकाळीच. ब्लीचचं पाणी ठेवून दिलं की त्याची ताकद उतरते.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण घाईतच ती घडते. टॉयलेट क्लीनर बहुधा ऍसिडचा असतो. त्यावर किंवा त्याच्यासोबत ब्लीच ओतलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद वॉशरूममध्ये तो घातक ठरतो. सकाळच्या ट्रॉलीवर या दोनपैकी एकच बाटली ठेवा. टीमला वाचता येत असो वा नसो, हा नियम बाटली न ठेवण्यानेच पाळला जातो.

४. वाळायला लागणारा वेळ धरला आहे का?

बहुतेक वेळापत्रकांत शेवटचं काम नऊला पाच मिनिटं असताना संपतं. फरशी तेव्हा वाळायला सुरुवात करते. व्हिट्रिफाइड टाइल चांगल्या पिळलेल्या मॉपने पुसली आणि हवा खेळती असली तर दहा-पंधरा मिनिटांत कोरडी होते. जुलै-ऑगस्टमध्ये, खिडक्या बंद आणि एसी सुरू नसेल तर तीच फरशी पंचवीस मिनिटं किंवा जास्तही घेते. सेंट्रल एसी असलेल्या इमारतींत हवा अनेकदा साडेआठनंतरच सोडतात, म्हणजे तुमचा ओला वेळ नेमका बंद हवेत जातो.

तपासणी सोपी आहे. पुसल्यावर घड्याळ पाहा आणि दर पाच मिनिटांनी टिश्यू पेपर फरशीवर दाबा. तो कोरडा निघेपर्यंतचा वेळ हा तुमचा आकडा. पावसाळ्यात एकदा आणि मार्चमध्ये एकदा घ्या, वर्षभर त्यावर वेळापत्रक चालतं.

वाळणं लांबत असेल तर आधी मॉप पाहा. बादलीतून काढून दाबाने नीट न पिळलेला मॉप फरशीवर थेंब सोडतो. दोन बादल्या हव्यात, एकीत केमिकलचं पाणी, दुसरीत मळका मॉप खळबळायचा. एकाच बादलीत काम चाललं तर तिसऱ्या खोलीपासून मळकं पाणीच पसरतं. रेघा आणि चिकटपणा यांचं कारण बहुधा केमिकल जास्त पडणं हे असतं. अंदाजाने झाकण ओतलं की साबणाचा थर उरतो, त्यावर धूळ बसते आणि दुसऱ्या दिवशी दोनदा पुसावं लागतं. लेबलवर एका लिटरला जेवढे मिलीलीटर लिहिलेत तेवढेच, मापाच्या पेल्याने. जास्त घातल्याने स्वच्छता वाढत नाही, काम वाढतं.

आता क्रम. वरून खाली हा नियम मोडता येत नाही: टेबल पुसताना खाली धूळ पडते, म्हणून टेबलं आधी आणि फरशी नंतर. पण वाळण्यासाठी फरशी लवकर व्हायला हवी. हा ताण सोडवायचा तर अख्ख्या ऑफिसची टेबलं करून मग अख्खी फरशी, हे बंद करावं लागतं. ऑफिसचे दोन-तीन भाग पाडा आणि एक भाग टेबलापासून फरशीपर्यंत पूर्ण करून पुढे जा. पहिला भाग कोणता? जिथे सर्वात आधी लोक बसतात तो. त्यासाठी एचआरला विचारायची गरज नाही, दोन सकाळी दाराशी उभं राहिलं की कळतं. रिसेप्शन आणि दारासमोरचा पट्टा मात्र सर्वात शेवटी आणि जवळजवळ कोरड्या मॉपने, कारण टीमलाही तिथूनच ये-जा करायची असते.

५. कामाची बेरीज मांडा

वरचं सगळं नीट असूनही उशीर होतो? मग काम आणि वेळ यांचा हिशेब जुळतच नसेल. एक उदाहरण धरू. अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत चौथ्या मजल्यावरचं ऑफिस, ११० टेबलं, टाइलची फरशी, पुरुषांच्या आणि महिलांच्या वॉशरूममध्ये मिळून १७ टॉयलेटची भांडी आणि बेसिन, एक पॅन्ट्री, तीन मीटिंग रूम. चार माणसं, सातला हजेरी. स्टाफ नऊपासून येतो.

कामाला लागणारी मिनिटं, एका माणसाच्या हिशेबाने: टेबल पुसायला ४५ सेकंद, म्हणजे सगळी मिळून ८३ मिनिटं. प्रत्येक टेबलाखालचा डबा रिकामा करायला २५ सेकंद, म्हणजे ४६. वॉशरूममध्ये प्रत्येक भांड्याला किंवा बेसिनला तीन मिनिटं, त्यात तिथली फरशी आली, एकूण ५१. कोरडा मॉप ३०, ओला मॉप ६०. पॅन्ट्री २५, मीटिंग रूम ३०, रिसेप्शन आणि काचेचं दार २०. बेरीज ३४५. हे आकडे तुमच्या ऑफिसात वेगळे येतील, म्हणून एकदा घड्याळ लावून मोजाच.

आता वेळ. सात ते नऊ दोन तास दिसतात. त्यातली पहिली पंचवीस मिनिटं गेट, कपडे आणि कोठीत गेली. शेवटची पंचवीस वाळण्यासाठी राखून ठेवली. उरली ७:२५ ते ८:३५, सत्तर मिनिटं. चार माणसं, म्हणजे २८०. काम ३४५ चं. पासष्ट मिनिटं कमी पडतात, माणशी सोळा. म्हणजे मॉप ८:५१ ला संपतो आणि फरशी सव्वानऊला वाळते. स्टाफची तक्रार इथूनच येते आणि त्यात टीमचा आळस कुठेच नाही.

इथे पाचवा माणूस घ्यायची घाई नको. ट्रॉली संध्याकाळी तयार झाली आणि गेटचं सुरळीत झालं तर पंचवीसऐवजी दहाच मिनिटं जातात, ७:१० ला काम सुरू होतं. चार माणसांची साठ मिनिटं परत मिळाली. दुसरं म्हणजे टेबलाखालचे ११० डबे काढून दर काही रांगांमागे ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यांची एक जोडी ठेवायची, सगळ्या मजल्याला सहा जोड्या पुरतात. ४६ मिनिटांचं काम दहावर येतं. लोक आठवडाभर कुरकुर करतात, मग सवय होते. शिवाय टेबलाशी सगळं एकाच डब्यात जायचं, ते वेगळं करण्याचं काम आता टीमच्या माथी येत नाही. आता वेळ ८५ गुणिले चार, ३४०. काम ३०९. तीस मिनिटं हाताशी राहिली.

वाटणी अशी बसते. पहिला माणूस पॅन्ट्री आणि मग वॉशरूम, ७६ मिनिटं. पॅन्ट्री आधीच, उलटं कधीच नाही. टॉयलेट घासलेले हात आणि फडकी चहाच्या ओट्याकडे जाता कामा नयेत. दुसरा आणि तिसरा टेबलं, डबे, मीटिंग रूम, रिसेप्शन, मिळून १४३. चौथा त्यांच्यामागे कोरडा आणि ओला मॉप, पण त्याचं काम ९० मिनिटांचं होतं. म्हणून त्यातला पंधरा मिनिटांचा कोरडा मॉप टेबलांच्या जोडीने उचलायचा. सगळे ७५ ते ७९ मिनिटांत मोकळे होतात, साधारण साडेआठला.

मॉपवाल्याचे ते पंधरा मिनिटं विसरले जातात. एकूण बेरीज जुळली तरी एका माणसावर ९० मिनिटं पडली की सगळ्यांची सुट्टी त्याच्यावर अडते. बेरीज जुळवल्यावर माणशी वाटणीही पाहा.

हे सगळं करूनही काम वेळेपेक्षा जास्त निघत असेल तर आधी यादी कमी करा. मीटिंग रूमच्या काचा रोज नकोत, आठवड्यातून दोनदा. टेबलं एक दिवस आड निम्मी निम्मी. वॉशरूम, पॅन्ट्री आणि फरशी यांना हात लावू नका.

६. गैरहजेरी

चारपैकी एक आला नाही तर हाताशी असलेली तीस मिनिटं पुरत नाहीत, ५४ मिनिटांचं काम पडून राहतं. याला दोन गोष्टी हव्यात. पहिली: ठेकेदाराशी रिलीव्हरबद्दल लेखी ठरवलेलं असावं. किती वाजेपर्यंत कळवलं तर बदली माणूस किती वाजता येईल, हे त्यात असावं. सातला न दिसलेल्या माणसाला सव्वासातला फोन करून उपयोग नाही. लांबून येणाऱ्याने घरातून निघताना एक मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे कोण येणार नाही ते सुपरवायझरला सहाच्या आत कळतं. दुसरी: तीन माणसांची वेगळी यादी भिंतीवर लावलेली असावी. त्यात मीटिंग रूम आणि निम्मी टेबलं नसतात. ती दहानंतर दिवसपाळीचा माणूस करतो. यादी नसेल तर तीन जण चौघांचं काम अर्धवट करत राहतात आणि काहीच पूर्ण होत नाही.

पावसाच्या दिवशी लोकल खोळंबली की अख्खी टीम एकाच वेळी उशिरा येते, विशेषतः सगळे नालासोपारा-विरारकडचे असतील तर. चारपैकी एक तरी माणूस ऑफिसच्या जवळ, चालत येण्याच्या अंतरावर राहणारा असावा. चावी त्याच्याकडे.

७. मगच वेळ आधी ओढण्याचा विचार

नालासोपाऱ्याहून अंधेरीला लोकलने पाऊण तासाच्या आसपास लागतो. सातची हजेरी म्हणजे घर साडेपाचच्या आगेमागे सोडणं. सहाची हजेरी म्हणजे साडेचार, आणि त्याआधी डबा, पाणी भरणं, मुलांचं. ही वेळ टिकत नाही. महिन्याभरात गैरहजेरी वाढते आणि तुम्ही पुन्हा सहाव्या मुद्द्यावर येता.

शिवाय कायदा आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे महिला कामगारांना सकाळी ७ ते रात्री ९:३० या वेळेबाहेर कामाला लावता येत नाही. त्यांची संमती असेल तर चालतं, पण तेव्हा सुरक्षिततेची पुरेशी व्यवस्था आणि घराच्या दारापर्यंत वाहन द्यावं लागतं. साडेसहाची हजेरी लावायची तर गाडीचा खर्च त्याच दिवशी हिशेबात धरा. ठेकेदार बघेल, असं समजून सोडून देऊ नका.

यापेक्षा बहुतेक ऑफिसांना जे परवडतं ते म्हणजे काम तोडणं. टेबलं आणि कचरा संध्याकाळी सात ते साडेआठ, दोन माणसांनी. सकाळी फक्त वॉशरूम, पॅन्ट्री आणि फरशी. संध्याकाळी उशिरापर्यंत बसणाऱ्यांच्या रांगा सुटतील, तेवढ्या सकाळी घ्यायच्या.

कुठे थांबायचं

काही गोष्टी सकाळच्या टीमच्या वेळापत्रकात बसवायचा प्रयत्नच करू नका.

रोज धुऊनही वॉशरूमला वास येत असेल तर आधी फरशीच्या जाळीत एक तांब्या पाणी ओतून पाहा. ट्रॅपमधलं पाणी सुकलं की वास वर येतो. दोन दिवसांनीही तोच वास असेल तर प्लंबर बोलवा, फिनाइल वाढवू नका. तुंबलेली लाइन इमारतीच्या चेंबरमधली असेल तर तुमच्या टीममधला कुणीही त्यात उतरणार नाही. माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. इमारतीच्या व्यवस्थापनाने मशीनची गाडी मागवायची.

वर्षानुवर्षं साचलेला केमिकलचा थर मॉपने निघत नाही. त्याला सिंगल डिस्क मशीन लागतं आणि ते एजन्सीकडून शनिवारी-रविवारी करून घ्यायचं काम आहे. बाहेरच्या काचा, शिडीवरून फॉल्स सीलिंगच्या वरचं काही, ओल्या झालेल्या फ्लोअर बॉक्समधली वायर, यासाठीही त्या त्या कामाचा माणूस. फ्लोअर बॉक्समध्ये पाणी गेलेलं दिसलं तर त्या रांगेचा एमसीबी खाली करून तिथला मॉप थांबवायचा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत त्या रांगेत कुणाला बसू द्यायचं नाही.

आणि महिलांची पहाटेची पाळी, ठेकेदाराकडच्या माणसांचे पगार किंवा पीएफ याबद्दल शंका असेल तर वेळापत्रक बदलण्याआधी कामगार कायद्याच्या सल्लागाराशी बोला. करारावर सही झाल्यावर तेच बदल महागात पडतात.